गरीब घराचं बरं-वाईट उत्पन्नापलीकडे कसं जोखायचं: ऊसतोडीच्या एका घरावरून

प्रश्न: विकासाचं नीतिशास्त्र या पेपरसाठी निबंध लिहायचाय. गरीब कुटुंबांचं कल्याण नुसत्या उत्पन्नावरून न जोखता क्षमता दृष्टिकोनातून कसं जोखायचं? अमर्त्य सेन आणि मार्था नुसबॉम वाचलेत, पण लिहायला बसलं की व्याख्यांची जंत्री होते. खरं उदाहरण कसं गुंफू?

उत्तर: दोन घरं घ्या आणि शेवटपर्यंत तीच धरून ठेवा. मी बीडकडची, म्हणून शिरूर कासार-पाटोदा पट्ट्यातली घेते. घरं मी रचलेली आहेत, पण त्यातला व्यवहार तिकडे कुणालाही विचारा, हाच सांगतील.

पहिलं घर ऊसतोडीला जातं. नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवसाला दोन टन तोड, १२० दिवस, टनाला ३५० रुपये धरले तर हंगामाचे ८४,००० होतात. गावाकडची कोरडवाहू शेती आणि उसाचे हिरवे शेंडे, म्हणजे वाढे, विकून आलेले पैसे मिळून वर्षाचे दीड लाख धरू. दुसरं घर गावातच राहतं. त्याचीही शेती तेवढीच, नवरा गवंड्याच्या हाताखाली जातो, बायको शिवणकाम करते, आणि त्यांचेही वर्षाला दीड लाखच होतात. उत्पन्नाच्या रकान्यात दोन्ही घरं एकाच ओळीत बसतात. तुमच्या निबंधाचा प्रश्न इथून सुरू होतो: ती खरंच एकाच ओळीत आहेत का?

सेन यांनी १९७९ च्या व्याख्यानात विचारलं होतं की समता म्हणता, पण कशाची? पैसा हे साधन झालं. त्या साधनातून माणूस काय करू शकतो, काय होऊ शकतो, हे बघायला हवं. पैशाचं जगण्यात रूपांतर होताना काही गोष्टी आड येतात: शरीर, समाजाच्या रीती, आजूबाजूची सोय. निबंधात हे एका परिच्छेदात संपवा आणि थेट रूपांतर कुठे अडतं ते दाखवा.

ते सगळ्यात स्पष्ट दिसतं बाईच्या शरीरात. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, संडास नसतो, न्हाणी नसते, पाणी लांबून आणायचं. पहाटे उठून स्वयंपाक, मग तोड, मोळ्या बांधणं, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणं. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही. अंगावरून जाणं सुरू झालं तरी दवाखाना लांबणीवर पडतो, कारण एक दिवस बसलं की खाडा. खाड्याचा दंड कोयत्याच्या हिशोबात पडतो, म्हणजे तिच्या दुखण्याची किंमत दोघांच्या कमाईतून जाते. दुखणं वाढलं की खाजगी दवाखाना गाठायचा, तिथे ‘गर्भपिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल’ असं ऐकायचं आणि मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन ती काढायचं ऑपरेशन करायचं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्यासमोर आलेल्या बीडच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट आणि पद्धती वेगळ्या आहेत, तेव्हा ‘सहापट’ वगैरे लिहू नका. फरक मोठा आहे एवढंच म्हणा.

आता यातली गंमत बघा. आपल्याकडे गरिबी बहुधा उपभोग-खर्चावरून मोजली जाते आणि त्या खर्चात दवाखानाही येतो. ऑपरेशनसाठी ३५,००० कर्ज काढून खर्च केले की त्या वर्षी हे घर कागदावर सुधारलेलं दिसतं. शिवणकाम करणारी शेजारीण दुखणं वेळेवर दाखवून गोळ्यांवर बरी झाली असेल, तर तिच्या घरचा आकडा कमी. निबंधात हे अवश्य घ्या. पैशाचं माप तोकडं आहे इतकंच यातून निघत नाही, काही वेळा ते उलट्या दिशेला बोट दाखवतं हेही दिसतं.

परीक्षक इथे विचारणार: हा सगळा पैशाचाच प्रश्न नाही का? थोडे पैसे वाढवले तर सुटेल की. या आक्षेपाला बगल देऊ नका, दोन कल्पना करून तपासा. आधी पहिल्या घराला वर्षाला ३०,००० जादा द्या आणि बाकी सगळं तसंच ठेवा. उचल थोडी कमी घ्यावी लागेल, एखादा खाडा परवडेल. तेवढा भाग पैशाचा, तो मान्य करून टाका. पण कोपीजवळ संडास उभा राहत नाही, पाणी जवळ येत नाही, डॉक्टर सोनोग्राफीशिवाय कापायला निघाला तर अडवणारं कुणी येत नाही. मग उलट करा: पैसे तेवढेच ठेवा आणि खाड्याचा दंड रद्द करा, तळावर पाणी-संडास द्या, आठवड्याला नर्स पाठवा. तिची स्थिती एक रुपया न वाढता बदलते. पैसे गोठवून जे सुधारतं तो रूपांतराचा भाग. दोन वाक्यांची ही तपासणी व्याख्यांच्या चार पानांपेक्षा जास्त काम करते.

पुढचा टप्पा निवडीचा, आणि निबंध बहुतेक इथेच घसरतात. बायकांना विचारलं तर पुष्कळजणी सांगतात, ‘पिशवी काढली, बरं झालं, कटकट गेली.’ मग तिची इच्छा पूर्ण झाली, म्हणजे कल्याण झालं का? उपास आणि उपासमार यांतला फरक सेन यांनी दाखवलाय: पोट दोन्हीकडे रिकामं, पण उपास करणाऱ्यापुढे जेवणाचा पर्याय असतो. इथेही तेच विचारा. त्या दिवशी तिच्यापुढे काय-काय होतं? औषधोपचार सुचवले होते का, विश्रांती शक्य होती का, दुसऱ्या डॉक्टरकडे जाता आलं असतं का, अंडाशयही काढली तर रजोनिवृत्ती लगेच येते हे कुणी सांगितलं होतं का? उत्तरं ‘नाही’ असतील तर तिचा निर्णय शहाणपणाचा असूनही तिची क्षमता तोकडीच होती. हे दोन्ही एकत्र खरं असू शकतं. ‘बिचारीला कळत नाही’ असा सूर लावलात तर तुम्ही तिच्या कर्तेपणावरच फुली मारता. तिला चांगलं कळतं. खाड्याचा हिशोब तिच्याइतका कुणालाच कळत नाही.

कर्तेपणावरून उचलीकडे वळा. समजा हंगामाआधी एक लाख उचल घेतली आणि तोड झाली ८४,००० ची. १६,००० फिरले, म्हणजे अंगावर राहिले, शिवाय हंगामात रोजच्या खर्चाला वर घेतलेली खर्ची. पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जाणं आता ठरलेलं. दुसऱ्या घरातला गवंड्याचा मदतनीस पटलं नाही तर उद्या दुसरीकडे जाऊ शकतो. मजुरी सारखी असून एकाला ‘नाही’ म्हणता येतं, एकाला येत नाही. माझ्या मते या उदाहरणात जास्तीत जास्त वजन याच क्षमतेला द्यायला हवं, कारण बाकीच्या अनेक गोष्टी तिच्यावर टांगलेल्या आहेत. शिवाय उचल बहुतेक पुरुषाच्या नावावर असते आणि फेडायला दोघं लागतात. म्हणून ‘कुटुंबाचं कल्याण’ असा शब्द वापरलात की लगेच ‘कुटुंबातल्या कुणाचं?’ हे विचारून घ्या.

मापनावर लिहायचं असेल तर नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक घ्या, पण तो या घराला लावून दाखवा. त्यात आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी एक तृतीयांश वजन आहे, आणि वंचना एक तृतीयांश किंवा जास्त झाली की घर गरीब. आपल्या घरात बाप सातवी शिकलाय. घरातल्या एकाने सहा वर्षं शाळा केली की त्या निकषावर सगळं घर पास, मग आई निरक्षर असो. बारा वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळायला बरोबर जाते, तिची शाळा सुटली: वजन एक षष्ठांश, म्हणजे ०.१६७. गावात मोजलं तर घरकुल, वीज, नळ, संडास, गॅस, बँकखातं सगळं आहे. बेरीज ०.१६७, घर गरीब नाही. आता तेच घर जानेवारीत कोपीत मोजा. चुलीचं इंधन, संडास, पाणी, वीज आणि घर, राहणीमानाचे पाच निकष पडले, प्रत्येकी एक एकविसांश. बेरीज ०.४०५. तीच माणसं गावात गरीब नाहीत, फडात आहेत. आणि पाहणीवाला त्या महिन्यात गावात आला तर दाराला कुलूप. पिशवी, खाडा, उचल यांना तर या निर्देशांकात रकानाच नाही. तो टाकाऊ आहे असं मात्र लिहू नका; जिल्ह्याजिल्ह्यांची तुलना करायला तो उपयोगी पडतो. या घराच्या बाबतीत तो काय पाहू शकत नाही एवढं नेमकं सांगा.

उरला यादीचा वाद. नुसबॉम यांच्याकडे दहा क्षमतांची यादी तयार आहे, सेन म्हणतात यादी लोकांच्या चर्चेतून ठरू द्या. दहाही घेऊ नका, बाराशे शब्दांच्या निबंधात प्रत्येकीला एक-एक वाक्य येईल आणि परत जंत्रीच. तीन घ्या: शरीराचं आरोग्य, मुलांची शाळा आणि काम नाकारण्याची मुभा. याच का, हे लिहावंच लागेल, नाहीतर तुमच्या सोयीची निवड वाटेल. समर्थन सापडतं कामगारांच्या स्वतःच्या मागण्यांत. दर वाढवण्याइतकंच मुलांसाठी हंगामी वसतिगृह, तळावर पाणी-संडास, उपचाराची सोय हे त्यांच्या बोलण्यात सतत येतं. नुसबॉम यांची यादी तेव्हा पडताळणीला वापरा: लोकांच्या मागण्यांत काही राहून गेलंय का? एक हमखास राहतं, ते म्हणजे बाईच्या नावावर स्वतंत्र मजुरी. टोळीच्या बैठकीत पुरुष बोलतात, त्यामुळे तो विषय निघतच नाही.

तिन्ही क्षमतांची बेरीज करून एक आकडा काढायच्या फंदात पडू नका. आपल्या उदाहरणात पहिलं घर तिन्हीत मागे आहे, तेव्हा वजनं कशीही धरा, निकाल तोच. पण दुसऱ्या घरातली मुलगी शाळा सोडून शिवणाला बसली असती आणि पहिल्या घराची मुलगी गावात वसतिगृहात राहून शिकत असती, तर दोन घरांची क्रमवारी लावता आली नसती. तसं झालं तर सरळ लिहा की इथे अपुरीच क्रमवारी मिळते. सेन यांना ती चालते. आणि प्रत्यक्ष मुलाखती घेणार असाल तर त्या पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपून लोक गावी परतल्यावर घ्या, बाईशी नवऱ्याच्या आणि मुकादमाच्या माघारी बोला, आणि ‘समाधानी आहात का?’ ऐवजी ‘गेल्या हंगामात दुखलं तेव्हा काय केलंत?’ असं विचारा.