वीस रुपयांची पिशवी आणि मोडायला काढलेली एफडी

प्रश्न : मी सांगलीत राहते, घरी साधं शिलाई मशीन आहे. गणपती पेठेतल्या एका साडीच्या दुकानदाराला प्लास्टिकऐवजी १००० कापडी पिशव्या हव्यात, २० रुपयांनी. ४० हजारांची एफडी मोडून मोटरचं मोठं मशीन घेऊ का?

उत्तर : ताई, एफडी राहू द्या. आधी कापड मोजू.

साडीचा बॉक्स बसेल अशी १४ बाय १६ इंचांची पिशवी धरा. तळ दुमडीचा घेतला, तरी बाजूची शिलाई आणि वरची पट्टी धरून एका पिशवीला १५ बाय ३५ इंचांचा तुकडा लागतो. ४८ इंच पन्ह्याच्या मांजरपाटात असे तीन तुकडे आडवे बसतात. म्हणजे १०० पिशव्यांना साधारण ३० मीटर. बंद मात्र सगळे विसरतात! त्यांना आणखी आठेक मीटर. वाया जाणारं धरून ४० मीटर. विटा किंवा इचलकरंजीचं कापड ४५ रुपये मीटर पडलं असं समजू (प्रत्यक्ष भाव विचारून घ्या), तर नुसतं कापडच पिशवीमागे १८ रुपये. दोरा १, छपाई ३, वाहतूक १. झाले २३. म्हणजे २० रुपयांत तुम्ही शिलाई फुकट करून वर ३ हजार घालवाल.

शिलाईचे ६ आणि नफ्याचे ४ धरून १००० नगांना ३३ रुपये सांगा. दुकानदार म्हणेल, 'जास्त घेतो, कमी करा.' कापड तर नगामागे तेवढंच लागतं. नग वाढले की खरा फरक पडतो तो छपाईच्या स्क्रीनचा, म्हणजे एकदाच करून घ्यायच्या छापायच्या जाळीचा. स्क्रीनला ५०० रुपये पडले, तर १०० नगांत ते पिशवीमागे ५ होतात, हजारात अर्धा रुपया. म्हणून १०० नगांना ३८, ५०० ला ३४, हजाराला ३३. त्याखाली उतरायचं असेल तर पिशवी लहान करा, कापड हलकं करू नका. त्याने स्वस्त नॉन-वोव्हन पिशवी दाखवली, तर ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते, आणि ६० जीएसएमपेक्षा, म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा पातळ असेल तर केंद्राच्या नियमानुसार ३० सप्टेंबर २०२१ पासून चालत नाही, हे सांगा.

नमुने दोनच शिवा. एकात पाच किलो साखर भरून रात्रभर खुंटीला टांगा. बंदाच्या मुळाशी चौकोन आणि आत फुली अशी शिलाई नसेल, तर तिथलाच टाका सकाळी ताणलेला दिसेल. दुसरा धुऊन बघा. खळ निघून कोरा मांजरपाट आटतो, नंतर कुरकुर नको म्हणून आटलेलं माप दुकानदाराला आधीच दाखवा. नमुन्याचे पैसे घ्या आणि ऑर्डर दिली की बिलातून वजा करा. फुकट नमुना गल्ल्याखाली पडून राहतो, हे मी बऱ्याच जणींचं पाहिलंय.

आता एफडीकडे येऊ. ३३ हजारांच्या ऑर्डरवर निम्मी उचल घ्या, १६,५००. सामानाचा खर्च २३ हजार, म्हणजे पदरचे साडेसहा हजार लागतील. तेवढे बचत खात्यातून काढा. उचल द्यायला तो तयार नसेल, तर १०० पिशव्यांचीच ऑर्डर घ्या.

दिवसाला ४० पिशव्या झाल्या तर हजाराला २५ दिवस लागतात, त्यामुळे मुदत महिन्याची मागा. हातात राहतील १० हजार, तुमच्या शिलाईसकट. मोठ्या मशीनचा विषय तिसऱ्या ऑर्डरनंतर काढा, तोही मुदतीत काम उरकत नसेल तरच.