परवा: मागचा की पुढचा?

"अ‍ॅप्टिट्यूडच्या सराव पेपरात प्रश्न आहे: परवाच्या आदल्या दिवशी गुरुवार होता, तर उद्याच्या परवा कोणता वार असेल? माझं उत्तर शनिवार येतंय, आन्सर कीमध्ये बुधवार दिलंय. परवा नक्की कुठला धरायचा?"

बुधवार बरोबर आहे, आणि ते ठरवणारा शब्द म्हणजे वाक्यातला "होता".

मराठीत काल आणि उद्या वेगवेगळे आहेत, त्यामुळे तिथे घोळ नाही (हिंदीत बिचारं "कल" पण दोन्हीकडचं असतं). पण परवा आजच्या दोन दिवस मागेही असतो आणि दोन दिवस पुढेही, आणि त्याच्या पलीकडचा तेरवा पण तसाच, तीन दिवस मागे किंवा पुढे. बोलताना अडत नाही कारण "परवा आलो" आणि "परवा येतो" यात क्रियापदच सांगून टाकतं. कोड्यात मात्र परवा साखळीच्या आत असतो आणि क्रियापद लांब शेवटी, आणि ते परवाबद्दल नाही तर अख्खी साखळी जिथे पोचते त्या दिवसाबद्दल बोलत असतं. म्हणून दोन्ही परवा धरून बघायचे आणि शेवट आजच्या कुठल्या बाजूला पडतो ते पाहायचं.

तुमच्याच प्रश्नात करून बघू. आज म्हणजे शून्य, मागचे दिवस उणे, पुढचे अधिक. मागचा परवा उणे 2, त्याचा आदला दिवस उणे 3. पुढचा परवा अधिक 2, त्याचा आदला दिवस अधिक 1, म्हणजे उद्या. आता "गुरुवार होता" असं उद्याबद्दल कोणी म्हणणार नाही, म्हणून उणे 3 च घ्यावा लागतो. तीन दिवसांपूर्वी गुरुवार म्हणजे आज रविवार. उद्याच्या परवा म्हणजे 1 अधिक 2, तीन दिवस पुढे, बुधवार. (इथे मागचा परवा धरला तर 1 वजा 2 म्हणजे काल येतो, आणि "कोणता वार असेल" हे पुढचं विचारतंय, त्यामुळे तो बाद.) तुम्ही पहिल्या वाक्यात पुढचा परवा घेतलात, म्हणून उद्या गुरुवार, आज बुधवार आणि शेवटी शनिवार आला. बाकी तुमची मोजणी अगदी बरोबर आहे. खरं तर आजचा वार काढायचीही गरज नाही, उणे 3 पासून अधिक 3 पर्यंत 6 दिवस, म्हणजे आठवड्याला एक कमी, गुरुवारच्या एक मागे बुधवार.

आता खरी फसगत कुठे होते ते सांगतो. हाच प्रश्न पुष्कळदा "जर परवाच्या आदल्या दिवशी गुरुवार असेल, तर..." असा छापलेला असतो. वाचताना "असेल" दिसलं की भविष्यकाळ समजून पुढचा परवा धरला जातो, पण जर-तरच्या वाक्यात ते असेल काळ दाखवतच नाही, ते फक्त "असं धरून चाला" एवढंच म्हणतं. "जर काल सोमवार असेल तर आज मंगळवार" हे वाक्य कोणालाच खटकत नाही, आणि काल तर मागचाच. त्यामुळे "जर" च्या मागे लागलेल्या "असेल" वरून दिशा ठरवायची नाही. "होता" असेल तर मात्र खुशाल ठरवा. जर-असेल वाल्या प्रश्नात बुधवार आणि शनिवार दोन्ही तितकेच बरोबर, मग पर्याय बघायचे, त्यात दोघांपैकी एकच असेल तर तो. दोन्ही असतील तर प्रश्नच सदोष आहे, आक्षेप घेता येत असेल तर जरूर घ्या आणि आक्षेपात दोन्ही वाचनं मांडून दाखवा.

क्रियापद स्पष्ट असूनही कधी कधी उपयोग होत नाही, कारण दोन्ही परवा एकाच बाजूला नेऊन सोडतात. "परवापासून पाचव्या दिवशी रविवार येईल" हे घ्या, परवा सोडून मोजलं तर मागच्या परवापासून अधिक 3 आणि पुढच्यापासून अधिक 7, दोन्ही पुढेच, म्हणजे आज एकदा गुरुवार आणि एकदा रविवार. इथे वाचणाऱ्याच्या हातात काही नाही, प्रश्न काढणाऱ्यानेच "गेल्या परवा" किंवा "येत्या परवा" लिहायला हवं.

साखळी लांबली म्हणून घाबरू नका, "उद्याच्या परवा" काय आणि "परवाच्या उद्या" काय, बेरीज तीच येते, फक्त परवा पुढचा धरलेला हवा. आणि बोलताना आपण चार-पाच दिवसांपूर्वीच्या गोष्टीलाही सैलपणे "परवा" म्हणतो, पेपरात तसं चालत नाही, तिथे तो बरोब्बर दोन दिवसांचाच.