उपभोगवाद, चंगळवाद आणि मिरवण्यासाठीची खरेदी

प्रश्न: सणाच्या खरेदीवर लेख लिहिते आहे. ‘कन्झ्युमरिझम’ला चंगळवाद म्हणू की उपभोगवाद? आणि ब्रँड दिसावा म्हणून लोक जी खरेदी करतात, म्हणजे ‘कॉन्स्पिक्युअस कन्झम्प्शन’, त्याला वेगळा शब्द हवा का, की ते चंगळवादातच आले?

उत्तर: चंगळवादात ते येत नाही, आणि त्याचे कारण ‘चंगळ’ या शब्दातच आहे. ‘पोरांची चंगळ झाली’ म्हणजे पोरांना हवे ते मिळाले, त्यांनी मनसोक्त मजा केली. ज्याची चंगळ होते त्याला स्वतःला सुख मिळते. दार लावून, कुणाला कळू न देताही चंगळ करता येते. ब्रँड दिसावा म्हणून केलेल्या खर्चाला मात्र बघणारा लागतो. कुणी पाहिलेच नाही तर तो खर्च वाया गेला. यासाठी मराठीत अगदी नेमके क्रियापद आहे: मिरवणे. दागिने मिरवतात, गाडी मिरवतात, पदवी आणि मोठ्या ओळखीसुद्धा मिरवतात. तुमच्या लेखात ‘मिरवण्यासाठीची खरेदी’ असे सरळ लिहा. पारिभाषिक शब्द हवा असेल तर ‘प्रदर्शनी उपभोग’ चालेल. ‘दिखाऊ उपभोग’ही वापरात आहे, पण तो मी टाळेन. दिखाऊ माल म्हणजे वरून चकाकणारा आणि आतून कमअस्सल, आणि इथे तर वस्तू अस्सल आणि महाग असावीच लागते, नाहीतर ती मिरवण्याला अर्थ उरत नाही.

आता उरलेली जोडी. अर्थशास्त्रात ‘उपभोग’ हा निर्विकार शब्द आहे. वस्तू किंवा सेवा वापरून गरज भागवणे एवढाच त्याचा अर्थ; आजाऱ्याने औषध घेणे हाही उपभोगच. त्याला ‘वाद’ जोडला की तो एका माणसाच्या वागण्यापुरता राहत नाही. खरेदी वाढत राहण्यावरच ज्या व्यवस्थेचे चक्र चालते आणि माणसाची ओळख तो काय विकत घेतो यावरून ठरते, त्या व्यवस्थेचे आणि विचारसरणीचे ते नाव होते. ‘चंगळवाद’ त्याच गोष्टीवर निकाल देऊन टाकतो. अग्रलेखात किंवा भाषणात तो शोभतो, पण तुम्हाला समजावून सांगायचे असेल तर ‘उपभोगवाद’ घ्या, कारण चंगळवाद म्हटले की वाचक स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला पाहतो आणि पुढचे ऐकत नाही. ‘ग्राहकवाद’ मात्र नको. इंग्रजी शब्दाला ग्राहकांच्या हक्कांचे रक्षण असा दुसरा, जवळजवळ उलटा अर्थ आहे, आणि ‘ग्राहकवाद’ लिहिले की दोन्ही अर्थांची सरमिसळ होते. त्या दुसऱ्या अर्थासाठी ‘ग्राहक चळवळ’ हा चांगला रुळलेला शब्द आहे.

थोडक्यात, उपभोगवाद ही व्यवस्था आणि प्रदर्शनी उपभोग हे वागणे. दुसरी कल्पना थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1899 सालच्या ‘द थिअरी ऑफ द लीझर क्लास’ या पुस्तकात मांडली. त्यात एक चमच्याचे उदाहरण आहे. हाताने घडवलेला चांदीचा चमचा 10 ते 20 डॉलरचा, तर यंत्रावर बनलेला अॅल्युमिनियमचा 10 ते 20 सेंटचा, म्हणजे किमतीत शंभर पट फरक. तोंडात घास घालण्याचे काम दोन्ही सारखेच करतात. मग वरची रक्कम कशासाठी मोजली? चांदीचा चमचा सुंदर असतो म्हणून, असे आपण सांगू. व्हेब्लेनचे म्हणणे असे की त्या सौंदर्याच्या अनुभवात किमतीची जाणीव नकळत मिसळलेली असते. आपण ढोंग करत नसतो. महाग आहे हे ठाऊक असल्यामुळे ती वस्तू आपल्याला खरोखरच जास्त देखणी दिसते. म्हणून ‘हे लोक दिखावा करतात’ असे सरसकट वाक्य लिहू नका. मिरवणाऱ्याला आपण मिरवतो आहोत हे पुष्कळदा ठाऊकही नसते.

सणाच्या खरेदीत हे सगळे ठळक दिसते, कारण एरवी विखुरलेल्या दोन गोष्टी सणाला एकत्र येतात. पहिली, सगळ्यांची खरेदी एकाच सुमारास होते आणि सगळे एकमेकांना त्याच दिवसांत भेटतात. त्यामुळे तुलना आपोआप होते. मुद्दाम कुणाला करावी लागत नाही. दुसरी, सण खर्चाला परवानगी देतो. एरवी जी वस्तू घेतल्यावर घरात ‘कशाला?’ असा प्रश्न येईल, तीच सणाला घेतली की तो प्रश्न कुणी विचारत नाही. भेटवस्तूंचा भाग यातच येतो. यजमान आपल्या पाहुण्यांकडून, घरच्या माणसांकडून आपल्या ऐपतीचा उपभोग करवून घेतो, हे व्हेब्लेनने नोंदवले आहे. त्याला ‘प्रातिनिधिक उपभोग’ म्हणता येईल. मुलांचे भारी कपडे किंवा आतल्या वस्तूपेक्षा महाग वेष्टन असलेली भेट हे त्याचे नमुने. वस्तू घेणाऱ्याच्या अंगावर किंवा हातात असते, पण ऐपत दिसते ती देणाऱ्याची.

खरेदीत मिरवण्याचा वाटा किती हे ओळखायला एक हिशेब उपयोगी पडतो. समजा, सणाच्या सवलतीत फोन घ्यायचा आहे. घेणाऱ्याला जी कामे करायची आहेत, ती सगळी करणारा साधा फोन 40ला मिळतो आणि नावाजलेल्या ब्रँडचा 100ला. (किंमत कुठल्याही चलनात धरा, प्रमाण महत्त्वाचे.) सवलतीत ब्रँडचा फोन 80ला आला. जाहिरात सांगते, 20 वाचले. घेणारा गरजेच्या वर 40 देतो आहे हे मात्र कुठेच लिहिलेले नसते, कारण तुलना 100शी लावून दिली आहे, 40शी नाही. आता त्या वरच्या 40ची फोड करायची. काही भाग खरोखर चांगल्या कॅमेऱ्याचा, जास्त टिकाऊपणाचा असेल, तो वापराचा. काही भाग हातात सुबक वस्तू असल्याच्या आनंदाचा. ती चंगळ म्हणा, हौस म्हणा. उरलेला भाग ओळखायला एकच प्रश्न पुरतो: फोनवरचे चिन्ह कायमचे झाकले आणि कोणता फोन आहे हे कुणालाच कधी कळणार नसेल, तर यातले किती द्यायची तयारी आहे? जेवढी रक्कम त्या उत्तरातून गळते, तेवढी मिरवण्याची.

पैसे हप्त्यांनी दिले तर हिशेबात आणखी एक घोळ होतो. रोख घेतल्यास 80चा फोन 72ला आणि ‘बिनव्याजी’ 12 हप्त्यांत पूर्ण 80ला, अशी योजना असेल तर सोडून दिलेले 8 हेच व्याज आहे. हाती पडले 72, फेडायचे 80, आणि मुद्दल दर महिन्याला घटत जाते. हे सगळे धरले तर व्याजाचा दर वर्षाला सुमारे 20 टक्के पडतो. ‘ऋण काढून सण’ हा आपला वाक्प्रचार इथे अक्षरशः लागू होतो. वापर पुढेही चालू राहतो, पण मिरवण्याचे मोल पुढचे मॉडेल बाजारात आले की ओसरते, म्हणजे पुष्कळदा शेवटचा हप्ता जाण्याआधीच. तुमच्या दोन्ही शब्दांचा सांधा नेमका इथे आहे. वापराची गरज भागली की भागते. मिरवण्याची गरज दुसऱ्याच्या हातात काय आहे यावर ठरते, म्हणून ती दरवर्षी नव्याने उभी राहते, आणि उपभोगवादी व्यवस्थेला अशीच गरज हवी असते.

ब्रँडच्या प्रतिष्ठेबद्दल लिहिताना एक ठोकताळा तपासून घ्या: मोठे चिन्ह म्हणजे महाग वस्तू. यंग जी हान, जोसेफ न्यूनेस आणि झेव्हिए ड्रेझ या संशोधकांनी 2010 साली महागड्या ब्रँडच्या हँडबॅगा तपासल्या तेव्हा उलट दिसले. एकाच ब्रँडच्या वस्तूंत चिन्ह जितके ठळक, तितकी किंमत सरासरीने कमी. कारण असे की अतिश्रीमंतांना आपल्यासारख्यांनीच ओळखले तरी पुरते. शिवण, आकार, कातडे पाहून जाणकार ओळखतात. ज्याला त्या वर्तुळात असल्याचे इतरांना सांगायचे असते, त्याला मात्र दुरून वाचता येणारे चिन्ह लागते. नकली माल करणारेही मुख्यतः ठळक चिन्हाच्या वस्तूंचीच नक्कल करतात. तेव्हा न दिसणारा ब्रँडही मिरवला जातो, फक्त प्रेक्षक निवडक असतात. ‘साधेपणाने राहतात’ असे कुणाबद्दल लिहिण्यापूर्वी हे लक्षात असावे.

आणखी एका जागी लेखकांची गफलत होते. सवलतीला झालेली गर्दी पाहून सगळी खरेदी प्रदर्शनी ठरवली जाते. हार्वे लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने 1950 साली तीन वेगळ्या वृत्ती दाखवल्या: सगळे घेतात म्हणून घेणे, सगळे घेतात म्हणून न घेणे, आणि महाग आहे म्हणून घेणे. मिरवण्याचा शुद्ध नमुना तिसरा. किंमत उतरल्यावर ज्या वस्तूला गर्दी झाली तिथे बहुतेक वेळा पहिली वृत्ती असते, किंवा साधी काटकसर. ज्या ब्रँडची सगळी मदार प्रतिष्ठेवर आहे, ते सवलतीला म्हणूनच बिचकतात. सणाला किंमत उतरवण्याऐवजी ते मोजक्या नगांची ‘सणाची खास आवृत्ती’ काढतात, म्हणजे वस्तू सणाचीही होते आणि दुर्मीळही राहते.

तुमच्या लेखात शब्द असे बसतील: ‘सणाचा बाजार उपभोगवादावर चालतो’, ‘नव्या कपड्यांची हौस ही चंगळ म्हणता येईल, पण चिन्ह दिसेल असेच कपडे निवडणे हा प्रदर्शनी उपभोग’, ‘आहेराच्या वेष्टनावरचा खर्च प्रातिनिधिक उपभोगात येतो’. ‘प्रतिष्ठेच्या वस्तू’ हा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतला शब्द वस्तूंसाठी वापरा, माणसांच्या वागण्यासाठी नको. ‘बडेजाव’, ‘डामडौल’, ‘भपका’ हे तिन्ही शब्द मिरवण्याच्या जवळचे आहेत, पण त्यांत एकूण थाटाचे वर्णन आहे. एका माणसाने एका वस्तूसाठी जास्तीचे 40 का मोजले हे सांगायचे असेल, तिथे ते अपुरे पडतात.