माशाचा वास बहुधा फ्रिजमधून नव्हे, पेंडीतून येतो

प्रश्न: आम्ही तपकिरी अंडी घेतो. त्यातल्या एखाद्याच अंड्याला माशासारखा वास येतो, बाकीची चांगली असतात. हा दोष कोंबडीच्या खाद्याचा की आमच्या साठवणुकीचा?

आपण लिहिले आहे की वास एखाद्याच अंड्याला येतो, आणि तेवढ्यावरूनच मी साठवणुकीला जवळपास निर्दोष ठरवीन. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात आणि सुकी मासळी, कांदा किंवा रॉकेलचा वास त्यांतून आत शिरतो, हे खरे आहे. परंतु तसे झाले तर त्या ट्रेमधील शेजारशेजारची सगळीच अंडी कमीअधिक वासाळतात, मग ती पांढरी असोत वा तपकिरी. चांगल्या अंड्यांमध्ये अधूनमधून एक वासाचे निघणे हे एखाद्याच कोंबडीचे काम असते आणि तिला त्या अवस्थेला खाद्य नेते.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण याच प्रश्नावरून आमच्या तालुक्याच्या गावातील एका खाद्यदुकानदाराशी माझा वाद झाला होता आणि तो त्यांच्या बाजूने अजून मिटलेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात आमच्या परसात लाल रंगाच्या, रोड आयलंड रेड जातीच्या कोंबड्या आहेत आणि त्यांच्यासोबत बंद झालेल्या एका लेअर फार्ममधून आणलेल्या काही पांढऱ्या कोंबड्याही होत्या. २०२१ साली सोयाबीन पेंडीचे भाव इतके चढले की ऑगस्टमध्ये केंद्र सरकारला जनुकबदल केलेल्या सोयाबीनची पेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली. त्याच सुमारास दुकानातून येणाऱ्या तयार मिश्रणाचा रंग काळपट झाला आणि चव घेतली तर जीभ चुरचुरू लागली. विचारल्यावर उत्तर आले की सोयाबीनच्या जागी थोडी मोहरीची पेंड घातली आहे, प्रथिने तेवढीच आहेत, कोंबडीला फरक कळत नाही.

फरक आधी गिऱ्हाइकाला कळला. आमच्याकडून अंडी नेणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांच्या घरी अंड्यापलीकडे सामिष काहीच शिजत नाही, फोनवर म्हणाल्या, "अगं, तुझ्या अंड्याला आज बांगड्याचा वास आला, ते टाकून द्यावे लागले." मी हे दुकानदारांना सांगितले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "ताई, कोकणात फ्रिज म्हटला की त्यात मासळी आलीच." घरी भाऊजींनीही त्यांचीच री ओढली. ज्या घरात मासळीला उंबराच ओलांडता येत नाही, त्या घरच्या फ्रिजवर हा आरोप होत होता, आणि बाईंना तो कळवण्याचे धाडस अर्थातच कोणी केले नाही.

मी वाद न घालता लाल कोंबड्या एकेक करून रात्री वेगळ्या खुराड्यात ठेवू लागले, म्हणजे सकाळचे अंडे कोणाचे हे नक्की कळावे. अंडे घातल्याबरोबर उकडायचे, गरम असतानाच फोडायचे आणि बलक व पांढरा भाग वेगवेगळा हुंगायचा, एवढीच पद्धत होती. हे अंडे फ्रिजमध्ये गेलेलेच नसल्याने फ्रिजचा प्रश्न तेथेच संपला. वास ठरावीक लाल कोंबड्यांच्याच बलकाला येत होता. तेच खाद्य खाणाऱ्या पांढऱ्या कोंबड्यांच्या एकाही अंड्याला तो नव्हता.

याचे कारण असे. मोहरीच्या पेंडीत सिनॅपिन नावाचे द्रव्य असते, त्यातून कोलीन सुटते आणि आतड्यातील जीवाणू त्यापासून ट्रायमिथाइलअमाइन बनवतात. शिळ्या मासळीला जो वास येतो तो याच वायूचा. बहुतेक कोंबड्यांच्या यकृतातील एक विकर त्याचे वास नसलेल्या रूपात रूपांतर करून टाकते. परंतु तपकिरी अंडी देणाऱ्या काही वंशांमध्ये या विकराच्या जनुकात बिघाड आहे. हे जनुक एफएमओ-३, आणि त्यातील नेमका बदल २००५ साली फिनलंडच्या संशोधकांनी दाखवून दिला. ज्या कोंबडीला हा बिघाड आईकडून आणि बापाकडूनही मिळतो, तिच्या शरीरात हा वायू साठत जातो आणि बलकात उतरतो. पांढऱ्या लेगहॉर्न वंशात हा दोष सहसा आढळत नाही, म्हणून आमच्या पांढऱ्या कोंबड्या सुटल्या.

दोषी कोंबडीलाही थोडा भार पेलतो. आम्ही सुकटाचा चुरा आधीपासून थोडाफार घालत होतो आणि मासळीतही या वायूचे मूळ द्रव्य असतेच, तरी पूर्वी तक्रार आली नव्हती. मोहरीची पेंड वर पडली आणि तोल गेला. मी मका, तांदळाचा कोंडा, सोयाबीन पेंड आणि शिंपल्याचा चुरा आणून मिश्रण घरीच केले, सुकट तेवढेच ठेवले आणि मोहरी पूर्ण वगळली. वास लगेच गेला नाही, कारण बलक अंडे घालण्यापूर्वीच्या साधारण आठवडा ते दहा दिवसांत थराथराने भरतो आणि जुन्या खाद्याचे थर आत शिल्लक असतात. त्यानंतर मात्र तो थांबला. दुकानदारांना मी हे सांगितले तेव्हा त्यांनी उन्हाळा संपल्याचे कारण दिले. तेव्हा पाऊस सुरू होता.

आपल्याला कोंबड्या वेगळ्या ठेवता येणार नाहीत, पण घरी एक गोष्ट करता येईल. वासाचे अंडे सापडले की गरम बलकाच्या अर्ध्या भागावर लिंबू पिळावे. ट्रायमिथाइलअमाइन जेमतेम तीन अंश सेल्सिअसला उकळणारा वायू आहे, म्हणून गरम बलकातून तो लगेच नाकात शिरतो. आम्ल मिळाल्यावर मात्र त्याचे न उडणारे क्षार होतात आणि वास बसतो. मासळीला कोकम किंवा लिंबू लावण्यात हेच रसायन आहे. नासलेल्या अंड्याचा वास गंधकाचा असतो, तो लिंबाने असा बसत नाही. ट्रायमिथाइलअमाइनचे अंड्यातले प्रमाण अत्यल्प असल्याने असे अंडे खाण्यात आले तरी घाबरण्याचे कारण नाही.

एवढे म्हणूनही दोन बाबी सांगायला हव्यात. ओमेगा-३ म्हणून विकली जाणारी अंडी जवस किंवा माशाचे तेल घातलेल्या खाद्यातून येतात, आणि ती चरबी खवट झाली तर पांढऱ्या कवचाच्या अंड्यालाही मासळी चव येते. तेथे कोंबडीच्या वंशाचा संबंध नसतो. दुसरे म्हणजे अंडी धुऊन ठेवली की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि बाहेरचा वास आत जाणे सोपे होते. त्यामुळे आपल्या फ्रिजमध्ये खरोखरच उघडी मासळी असेल आणि अंडी धुतलेली असतील, तर काही दिवस ती झाकणाच्या डब्यात ठेवून पाहावीत. तरीही एखादे वासाचे निघाले, तर विक्रेत्याला कोंबडी लाल आहे का आणि मिश्रणात मोहरीची पेंड किंवा फिश मील आहे का, हे दोनच प्रश्न विचारावेत. "गावठी अंड्याला वास असायचाच" असे उत्तर मिळाले, तर ते मान्य करू नये. आमच्या त्याच लाल कोंबड्या आजही अंडी देतात आणि बाई ती अजूनही नेतात. त्या दुकानातून मी आता फक्त शिंपल्याचा चुरा घेते.