कापलेल्या कडेतला उसाचा हिरवा रंग

प्र. सर, फोटोशॉपमध्ये पळत्या सायकलस्वाराचा फोटो कापताना फेदर 5 ठेवू की 10? काहीही ठेवलं तरी कडेला हिरवं राहतंयच की. – निपाणी

दोन्ही नको. हाच प्रश्न चिक्कोडीहून येतो, खानापूरहून येतो, आणि प्रत्येकाला कुणीतरी फेदरचा एक आकडा सांगितलेला असतो. म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या फोटोत कॅमेरा स्थिर आहे, मागे उसाचं शेत आहे आणि शटर 1/250 सेकंद आहे. सायकलस्वार ताशी 36 किलोमीटरने जात होता असं धरू. म्हणजे सेकंदाला 10 मीटर, आणि शटर उघडं होतं तेवढ्यात 4 सेंटिमीटर. मीटरभर लांबी फोटोत 2000 पिक्सेल भरत असेल, तर हे 4 सेंटिमीटर 80 पिक्सेल होतात. त्याच्या छातीची पुढची कड या 80 पिक्सेलच्या पट्ट्यात विरघळलेली आहे. पट्ट्याच्या मध्यावरच्या पिक्सेलने अर्धा वेळ जर्सी पाहिली आणि अर्धा वेळ ऊस. तिथला रंगच अर्धा उसाचा आहे. फेदर पारदर्शकता बदलतो, रंग बदलत नाही. मग हिरवं जाणार कुठून?

फेदरची दुसरी खोट अशी की तो सगळ्या बाजूंना सारखाच पसरतो. सायकलस्वार आडवा गेला, म्हणून पुसट झाल्या त्या छातीच्या आणि पाठीच्या उभ्या कडा. हेल्मेटचा माथा आणि वाकलेल्या पाठीची वरची आडवी रेघ बऱ्यापैकी स्वच्छ आहे. ती रेघही फेदरने मऊ केलीत की माणूस कापसातून कापल्यासारखा दिसतो, आणि बघणाऱ्याला कारण सांगता आलं नाही तरी ते खटकतंच.

आता काय करायचं ते बघा. पेन टूलने पुसट पट्ट्याच्या बरोबर मध्यातून रेघ काढा, आतल्या काठावरून नाही आणि बाहेरच्याही नाही. तिचा मास्क करा. मग चित्रावर नाही, तर मास्कवर क्लिक करून Motion Blur लावा: Distance 80 आणि Angle रस्त्याच्या उताराइतका, सपाट रस्ता असेल तर 0. उभी कड 80 पिक्सेलभर हळूहळू विरते आणि आडवी कड जागच्या जागी राहते, म्हणजे कॅमेऱ्यात झालं तेच मास्कवर होतं. चाकं मात्र वेगळ्या मास्कवर घ्या, त्यांचं गणित निराळं आहे. ते खाली येईल.

मग रंग. वर नवा लेयर घेऊन तो Create Clipping Mask ने जोडा. कडेपासून आत, जिथे जर्सीचा रंग निखळ आहे तिथून तो उचला आणि मऊ ब्रशने बाहेरच्या टोकापर्यंत रंगवत न्या. पारदर्शकता मास्क सांभाळतो, तुम्ही फक्त ऊस काढून जर्सी भरायची. Select and Mask मधलं Decontaminate Colors हेच आपोआप करतं. एकरंगी जर्सीवर ते चालतं, पण कडेला पट्टे किंवा अक्षरं असली की रंग भलतीकडे ओढतं.

बारीक वस्तूंकडे नीट लक्ष द्या. ब्रेकची केबल 5 मिलिमीटर, म्हणजे 10 पिक्सेल. जिथे ती उभी जाते तिथे ती 80 पिक्सेलमध्ये पसरते आणि कुठेच साडेबारा टक्क्यांपेक्षा जास्त अपारदर्शक होत नाही. ती कापायच्या नादाला लागू नका. मास्कमधून सोडून द्या आणि नव्या लेयरवर रेघ काढून तिला तेवढाच Motion Blur द्या.

शेवटी खाली एकदा लाल, एकदा पांढरा, एकदा काळा लेयर ठेवून 100 टक्क्यांवर कड बघा. तिन्हींवर हिरवी झाक दिसली नाही तरच पुढे जा. वेग मी अंदाजाने धरला आहे. तुमच्या फाइलवर पुसट पट्टा प्रत्यक्ष मोजा, आणि फ्लेक्सला देण्याआधी छपाईवाल्याकडून कडेचा वीतभर तुकडा छापून बघा.

प्र. कापलेला फोटो जेपीजी ठेवला तर चालतो का? – गोकाक

नाही, त्यात पारदर्शकता राहत नाही. पीएनजी ठेवा. छापायचा असेल तर कुठली फाइल हवी ते छपाईवाल्याला आधी विचारा.

प्र. किल्ला तलावावर घारीचा फोटो काढला. पंखांची टोकं फडफडीत पुसट झाली आहेत. ती कापली की पिसं तुटल्यासारखी दिसतात. – बेळगाव

टोकं कापूच नका. घार गडद आणि आभाळ उजळ, यासारखी सोय नाही. घारीचा लेयर दोनदा ठेवा. खालच्याला Multiply द्या आणि Levels चा पांढरा ड्रॉपर पंखाशेजारच्या आभाळावर टेकवा, म्हणजे आभाळ पांढरं होऊन नाहीसं होईल आणि पुसट पिसांची सावली तेवढी नव्या आभाळावर उतरेल. वरचा लेयर Normal ठेवून मास्कने फक्त डोकं, धड आणि पंखांचा भरीव भाग दाखवा. आभाळ एका बाजूला जास्त उजळ असेल तर दोन्ही पंखांना वेगळे Levels लावा.

हे उजळ पार्श्वभूमीवरच चालतं. गर्द डोंगरावर ठेवलंत तर टोकं गडप होतील. पांढऱ्या बगळ्याला तर ही रीत लागूच नाही. तो काळसर पाण्यावर टिपलेला असेल तर मागचं पूर्ण काळं करून Screen वापरा. पांढरा बगळा पांढऱ्या आभाळावर असेल तर दुसरा फोटो शोधा.

प्र. कॅमेरा सायकलीबरोबर फिरवून फोटो काढला. कड स्वच्छ कापली आणि राकसकोप धरणाच्या फोटोवर लावली, तरी सगळे खोटं म्हणतात. – हिंडलगा

कड बरोबर आहे, चाक चुगली करतंय. स्थिर कॅमेऱ्यापुढून जाणाऱ्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी थांबलेला असतो आणि वरचा बिंदू सायकलीच्या दुप्पट वेगाने जातो. म्हणून खालचे आरे स्पष्ट येतात आणि वरचे पुसट. तुम्ही कॅमेरा सायकलीबरोबर फिरवला, त्यामुळे आरे तुंब्याभोवती सगळीकडे सारखे पुसट आहेत. असं चाक स्थिर, स्पष्ट धरणापुढे असूच शकत नाही.

चाकाला हात लावू नका, धरण हलवा. मूळ फोटोत मागच्या एखाद्या चमकत्या ठिपक्याची ओढलेली रेघ मोजा आणि तेवढ्याच Distance चा Motion Blur राकसकोपच्या फोटोला द्या. कॅमेरा फिरवला की जवळचं आणि लांबचं जवळपास सारखंच ओढलं जातं, तेव्हा झाडाला कमी आणि डोंगराला जास्त असं करू नका. रस्त्याची खडी ओढलेली दिसली पाहिजे, पण टायरखालची सावली नाही, कारण ती सायकलीबरोबर चालते. ती मूळ फोटोतूनच सायकलीसोबत आणा. मूळ फोटोला शटर किती ठेवलं होतं ते बघून घ्या, तुमचा अर्धा अंदाज वाचेल.

प्र. दुकानदार म्हणतो, पाचशे रुपयांच्या ॲक्शन पॅकने एका क्लिकमध्ये ब्लरसकट कटआउट होतं. घेऊ का? उद्या बॅनर छापायचा आहे आणि फोटो व्हॉट्सॲपवर आलेला आहे. – खानापूर

घेऊ नका. किती पिक्सेल ओढ आहे आणि कुठल्या दिशेने, हे त्या पॅकला ठाऊक नाही. प्रत्येक फोटोला तो तोच ठरलेला आकडा लावणार.

खरी अडचण व्हॉट्सॲपची आहे. फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि दाबला जातो, मग पुसट कडेत चौकोनी ठोकळे पडतात. विरत जाणारा रंग त्यात आधीच मेलेला असतो. फोटोग्राफरला आजच फोन करून मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवा. नाही मिळाली तर कापाकापी सोडा, फोटो चौकटीत आहे तसा छापा. महिनाभर आधी ठरलेल्या कार्यक्रमाचा फोटो आदल्या दिवशी कापायला घेणं मला मुळीच पटत नाही.

प्र. घटप्रभेच्या पक्ष्याला दुसरं आभाळ लावून स्पर्धेत पाठवू का? – घटप्रभा

आयोजकांना लेखी विचारल्याशिवाय नको. निसर्गछायाचित्रांच्या बहुतेक स्पर्धांत पार्श्वभूमी बदललेला फोटो बाद होतो आणि मूळ रॉ फाइल मागतात.