भिक्षाव्रती फ्रायर आणि जमीनदार मठ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

जुन्या गोव्यातले सेंट फ्रान्सिस झेवियर हे फ्रान्सिस्कन होते ना?

नाही, ते १५४० साली मान्यता मिळालेल्या येशूसंघाचे होते, तर फ्रान्सिस्कन हा तेराव्या शतकातल्या असिसीच्या फ्रान्सिसचा, म्हणजे एका मठाशी बांधून न घेता भिक्षेवर जगत उपदेश करत फिरणाऱ्या फ्रायरांचा संघ आहे.

जुन्या मठांतले साधूही निर्धनतेने राहण्याचे व्रत घेत असत. मग तेराव्या शतकात नवीन असे काय घडले?

सर्वाधिक पत्रे याच प्रश्नाची येतात, आणि ‘मठवासी श्रीमंत व चैनी, फ्रायर गरीब व सच्चे’ हे सोपे उत्तर पर्यटन-पुस्तिकांतून इतके पसरले आहे की ते आधी बाजूला ठेवावे लागते. बेनेडिक्टने मठांसाठी घालून दिलेल्या नियमानुसार साधूला स्वतःचे पुस्तक, लिहिण्याची पाटी किंवा लेखणीसुद्धा ठेवता येत नसे. परंतु मठ ही संस्था मात्र शेते, गिरण्या, जंगले आणि आख्खी गावे बाळगू शके. राजे आणि सरदार आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हावी म्हणून या जमिनी देत, आणि साधू जन्मभर त्याच एका मठात राहण्याची शपथ घेत असल्यामुळे ती मालमत्ता पिढ्यानपिढ्या वाढत जाई. म्हणजे व्यक्ती निर्धन आणि समूह धनाढ्य, अशी ती व्यवस्था होती.

असिसीच्या फ्रान्सिसने नेमकी या समूहाच्या मालकीलाच हरकत घेतली. त्याच्या संघाच्या १२२३ च्या नियमाने बंधूंना घर, जागा किंवा कोणतीही वस्तू आपली म्हणण्यास आणि स्वतः किंवा दुसऱ्याच्या हातून नाणी स्वीकारण्यास मनाई केली. या भूमिकेचा कस त्याआधीच बोलोन्यात लागला होता. चरित्रकार सांगतो की तेथे ‘बंधूंचे घर’ बांधले गेल्याचे कानी येताच फ्रान्सिसने सर्वांना, अगदी आजाऱ्यांनाही, बाहेर पडायला लावले. कार्डिनल उगोलिनो याने ते घर आपले असल्याचे प्रवचनात जाहीर केले, तेव्हाच बंधू परत आत गेले.

हाच उगोलिनो पुढे नववा ग्रेगरी या नावाने पोप झाला, आणि त्याने १२३० साली तोच तोडगा सर्व संघाला लावला: बंधूंनी वस्तूंचा केवळ वापर करावा, आणि पैशाचे व्यवहार बाहेरच्या एखाद्या विश्वासू माणसाने पाहावेत. १२४५ साली चौथ्या इनोसंटने संघाच्या वापरातील मालमत्तेची मालकी पोपच्या गादीकडे घेतली. पुढे शहरांत मोठी चर्च उभी राहिली, मृत्युपत्रांतून देणग्या येऊ लागल्या, आणि मालकी कागदावर दुसऱ्याची असताना निर्धनता कितपत उरते यावरून संघात तट पडले. अखेर १३२२ साली बाविसाव्या जॉनने, खाऊन किंवा झिजून संपणाऱ्या वस्तूंत वापर आणि मालकी वेगळी करता येत नाही असे म्हणत, अशा वस्तूंवरची पोपची मालकी सोडून दिली. हा वाद समजून न घेता फ्रायरांना ढोंगी ठरवणे मला अन्यायाचे वाटते. मत बनवण्याआधी १२२३ चा नियम मुळातून वाचावा. तो छोटा आहे आणि त्याचे चांगले अनुवाद मिळतात.

डॉमिनिकनेही फ्रान्सिसचेच अनुकरण केले का?

पूर्णपणे नाही. डॉमिनिकन फ्रायरांचा संस्थापक डॉमिनिक याला दक्षिण फ्रान्समध्ये चर्चने पाखंडी ठरवलेल्या कॅथर पंथाचा प्रतिवाद करायचा होता, आणि त्या पंथाचे उपदेशक साधेपणाने वावरत असताना लवाजम्यासह फिरणाऱ्या धर्माधिकाऱ्याचे कोणी ऐकत नसे. म्हणून त्याच्याकडे निर्धनता उपदेशाला बळ देण्यासाठी आली. १२१६ साली मान्यता मिळालेल्या त्याच्या संघाने १२२० च्या बोलोन्याच्या सभेत जमिनीचे उत्पन्न सोडले, आणि अभ्यासाला मात्र सुरुवातीपासून मध्यवर्ती स्थान दिले. एकाच मठाशी बांधलेला साधू हे काम करू शकला नसता. फ्रायरला संघ आज पॅरिसला आणि उद्या ऑक्सफर्डला पाठवू शके.

ठाण्यात फ्रान्सिस्कन पोर्तुगीजांबरोबर आले, असे एका लेखात वाचले.

लेखकाने ऐकीव माहिती दिली आहे. पोर्तुगीजांच्या सुमारे दोन शतके आधी, १३२१ साली, ठाण्यात चार फ्रान्सिस्कनांना ठार मारण्यात आले, आणि ओदोरिको हा त्यांचाच संघबंधू पुढे त्यांच्या अस्थी घेऊन चीनकडे गेला. शालेय प्रकल्पासाठी हवे असल्यास ओदोरिकोचा प्रवासवृत्तांत इतिहासाच्या शिक्षकांसोबत वाचावा.

‘तेराव्या शतकातील फ्रायरच्या बायबलचे पान’ एका संकेतस्थळावर विक्रीस आहे. घ्यावे का?

आज घेऊ नये. त्या शतकात खिशात मावणारी एकखंडी बायबले खरोखर तयार झाली आणि फिरत्या उपदेशकांना ती सोयीची होती. पण विद्यार्थी आणि धर्माधिकारीही ती वापरत, त्यामुळे मालकाची नोंद नसलेल्या सुट्या पानाला फ्रायरचे म्हणणे ही किंमत चढवण्याची युक्ती आहे. शिवाय अखंड ग्रंथ फाडून पाने विकण्याच्या धंद्याने अशा नोंदी कायमच्या तुटल्या आहेत. पान कोणत्या ग्रंथातले व कोणाकडून आले हे विक्रेत्याकडून लेखी मागावे, आणि पैसे देण्यापूर्वी हस्तलिखितांच्या जाणकाराला ते प्रत्यक्ष दाखवावे. छायाचित्रावरून मी मत देणार नाही.