तक्ते शेवटी हलवण्याआधी संदर्भ गोठव

प्रबंधाचा नियतकालिकासाठी लेख करताना तुझ्या प्रबंधातली प्रकरणं मोडून प्रस्तावना, पद्धती, निष्कर्ष, चर्चा एवढीच शीर्षकं ठेव. ती हाताने ठळक न करता वर्डच्या Heading 1, Heading 2 शैलीत टाक. हे तासाभरात होतं.

खरा घोळ तक्त्यातल्या संदर्भांचा होतो. व्हँकुव्हर पद्धतीत क्रमांक मजकुरात पहिल्यांदा येण्याच्या क्रमाने पडतात. फक्त तक्त्यातच असलेल्या संदर्भाला मात्र, त्या तक्त्याचा मजकुरात पहिला उल्लेख जिथे येतो तिथला क्रमांक मिळतो. समज, १४व्या संदर्भानंतर ‘तक्ता २’ आला आणि त्यात तीन नवे अभ्यास आहेत, तर ते १५ ते १७ आणि पुढचा मजकूर १८पासून. पण बरीच नियतकालिकं तक्ते फाइलच्या शेवटी मागतात. तसे हलवलेस की संदर्भांना आपोआप क्रमांक देणारा झोटेरो त्याच तिघांना यादीच्या शेपटाला नेतो. १४नंतर उल्लेख असलेला तक्ता उघडला की परीक्षकाला त्यात थेट ४१ दिसतो.

म्हणून तक्ता त्याच्या उल्लेखाच्या परिच्छेदाखालीच राहू दे. सगळं पक्कं झालं की फाइलची प्रत काढ, प्रतीत झोटेरोचं Unlink Citations दाब आणि मगच तक्ते हलव. मूळ फाइल जप. दुरुस्त्या आल्या की तिच्यातच करायच्या, कारण प्रतीतले क्रमांक आता नुसता मजकूर असतात.